चार विरुद्ध चार, आणि चेअरमनचं निर्णायक मत

वाचकाचं पत्र

आमची 56 सदनिकांची सोसायटी आहे आणि मी दोन वर्षं सेक्रेटरी आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वार्षिक सभेने आठ लाखांपर्यंत खर्चाला मंजुरी दिली आणि ठेकेदार निवडण्याचं काम कमिटीवर सोपवलं. शेवटी दोन कोटेशनं उरली. एक सात लाख चाळीस हजारांचं, दहा वर्षांच्या हमीचं. दुसरं सहा लाख पंधरा हजारांचं, पाच वर्षांच्या हमीचं. कमिटीच्या अकरापैकी नऊ जण सभेला हजर होते. त्यातले एक पहिल्या ठेकेदाराचे व्याही, म्हणून त्यांनी मत दिलं नाही. पहिल्या ठेकेदाराला काम द्यावं या ठरावावर चार बाजूने, चार विरोधात अशी मतं पडली. बाजूच्या चारांत चेअरमनसाहेब स्वतः होते. त्यांनी तिथल्या तिथे "माझं कास्टिंग व्होट बाजूने" असं सांगितलं आणि ठराव मंजूर झाला.

आता ते म्हणतात, मिनिट्समध्ये "बहुमताने मंजूर" एवढंच लिहा, उगाच चव्हाट्यावर कशाला आणायचं. विरोधातले चौघे म्हणतात, एका माणसाने दोनदा मत दिलं, हे बेकायदा आहे, "समान मतांमुळे ठराव स्थगित" असं लिहा, नाहीतर आम्ही मिनिट्सवर सही करणार नाही. मला रोज या सगळ्यांची तोंडं बघायची आहेत. म्हणून "चर्चेअंती ठराव संमत करण्यात आला" असं लिहून विषय मिटवावा असं वाटतं. चालेल ना?

उत्तर

नाही, चालणार नाही. तिन्ही वाक्यांत तुमचंच सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण पुढे तेच सगळ्यात महागात पडेल. चेअरमनच्या वाक्यात निदान निकाल तरी खरा आहे. चौघांच्या वाक्यात बरोबरी तरी खरी आहे. तुमच्या वाक्यातून बरोबरीही गेली, निर्णायक मतही गेलं आणि विरोधही गेला. दोन पावसाळ्यांनी गच्ची गळायला लागली आणि कुणी रजिस्टर उघडलं, तर त्याला वाटेल की नऊच्या नऊ जणांनी मान डोलावली होती.

आधी तुमच्या चौघांच्या शंकेकडे येते, कारण ती प्रामाणिक आहे आणि पुष्कळ सोसायट्यांत निघते. एका माणसाने दोन मतं कशी द्यायची? सहकारात तर "एक सभासद, एक मत" हा पाया आहे. तो खरा आहे, पण त्याला अपवाद कायद्यानेच केला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा आहे. एका सभासदाला एकच मत, तेही स्वतः हजर राहून द्यायचं, असं सांगतानाच समान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असेल, हेही त्यात म्हटलेलं आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतही कमिटीच्या सभेसाठी तशीच तरतूद आहे. तुमच्या सोसायटीने मंजूर करून घेतलेली उपविधींची प्रत कपाटातून काढा, कमिटीच्या कामकाजाच्या भागातलं ते कलम शोधा आणि त्याचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. तो मिनिट्समध्ये लागणार आहे. चौघांनाही ते पान दाखवा. वाद घालण्यापेक्षा पान पुढे सरकवलेलं बरं.

त्या पानावर एक शब्द नीट बघा. हे मत सोसायटीच्या अध्यक्षाला नसतं, त्या सभेच्या अध्यक्षाला असतं. चेअरमन गावाला गेले आणि हजर सदस्यांनी दुसऱ्या कुणाला त्या दिवसापुरतं सभाध्यक्ष केलं, तर निर्णायक मत त्या दुसऱ्याकडे जातं. आणि चेअरमन उशिरा येऊन मागच्या खुर्चीवर बसले, सभा दुसराच चालवत राहिला, तर चेअरमनकडे फक्त आपलं साधं मत उरतं. म्हणूनच मिनिट्सच्या सुरुवातीला "सभेचे अध्यक्षस्थान कोणी भूषवले" हे वाक्य असतं. लोक ते औपचारिकता म्हणून लिहितात. बरोबरीच्या दिवशी मात्र सगळा निकाल त्याच वाक्यावर उभा असतो.

आता दुसरी समजूत, आणि ती दोन्ही बाजूंची आहे: समान मतं पडली की ठराव मधेच लोंबकळत राहतो आणि चेअरमनला तो कुठल्या तरी बाजूला ढकलावाच लागतो. तसं नाही. ठराव मंजूर व्हायला विरोधापेक्षा बाजूने जास्त मतं लागतात. चार विरुद्ध चार म्हणजे जास्त नाहीत. म्हणजे निर्णायक मत दिलंच नाही, तर ठराव नामंजूर झाला, एवढाच त्याचा अर्थ. "स्थगित" हा निकाल बरोबरीतून आपोआप निघत नाही. विषय पुढे ढकलायचा असेल तर "हा विषय पुढील सभेत घ्यावा" असा वेगळा ठराव मांडावा लागतो आणि तो बहुमताने मंजूर व्हावा लागतो. तुमच्या सभेत असा ठराव कुणी मांडलाच नाही. म्हणून तो शब्द लिहिता येणार नाही, चौघे कितीही रागावले तरी. चेअरमननी निर्णायक मत दिलं नसतं, तर चौघांना जे हवं होतं ते "स्थगित" न लिहिताच मिळालं असतं.

इथे मला चेअरमनसाहेबांशीही थोडं बोलायचं आहे, तुमच्यामार्फत.

हिशेब असा बघा. चेअरमनना क्षणभर बाजूला ठेवा. उरलेल्या सात जणांत तीन बाजूने होते आणि चार विरोधात. म्हणजे खोलीतल्या बाकीच्या सदस्यांचं बहुमत ठरावाच्या विरोधात होतं. चेअरमनच्या पहिल्या मताने बरोबरी घडवली आणि दुसऱ्या मताने ती मोडली. कायद्याने हे पूर्ण चालतं, त्यात तसूभरही शंका नाही. पण चौघांच्या पोटात जे डाचतंय, ते नेमकं हेच आहे. "बेकायदा" हा शब्द त्यांनी चुकीचा वापरला. आपण जिंकत होतो आणि एका माणसाने दोनदा वजन टाकून पारडं फिरवलं, असं त्यांना म्हणायचं आहे. ते ऐकून घ्यायला हवं.

लोकसभेत आणि विधानसभेत ही अडचण येत नाही. आपल्या संविधानाने अनुच्छेद 100 मध्ये संसदेसाठी आणि 189 मध्ये राज्याच्या विधिमंडळासाठी असं ठरवलं आहे की पीठासीन अध्यक्ष पहिल्या फेरीत मतदान करणार नाही. समान मतं पडली तरच तो मत देईल, आणि तेव्हा ते त्याने द्यायचं. त्याचं मत एकच. आपल्या सोसायटीत चेअरमन कमिटीचा सदस्यही असतो, म्हणून त्याला दोन मतं मिळतात, आणि म्हणूनच त्याने दुसऱ्या मताच्या बाबतीत जास्त जपून वागायला हवं.

जपून म्हणजे कसं, याचा एक जुना आणि चांगला संकेत ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या डेनिसन नावाच्या सभापतींच्या नावाने तो ओळखला जातो. सभापतीने निर्णायक मत शक्यतो असं द्यायचं की चर्चेला आणखी वाव राहील, आणि जिथे पुढे चर्चा उरणार नाही तिथे आहे ती स्थिती कायम राहील. कारण बहुमताने जे झालं नाही, ते एकट्या सभापतीने घडवू नये. 3 एप्रिल 2019 ला ब्रेक्झिटच्या गदारोळात एका दुरुस्तीवर 310 विरुद्ध 310 अशी मतं पडली. सभापती बर्को यांनी हाच संकेत सांगून विरोधात मत दिलं आणि दुरुस्ती पडली. त्यांना स्वतःला काय वाटतं, हा प्रश्नच त्यांनी मधे येऊ दिला नाही.

हा संकेत तुमच्या चेअरमनवर बंधनकारक नाही, आणि तो डोळे मिटून लावावा असंही मला वाटत नाही. समजा सभा मेच्या अखेरीला झाली असेल, वरच्या मजल्याच्या छताला ओल धरली असेल आणि ठराव पडल्यावर पावसाआधी दुसरी सभाच होणार नसेल, तर "आहे ती स्थिती" म्हणजे चार महिने गळकी गच्ची. तेव्हा बाजूने मत देणारा चेअरमन जबाबदारीने वागला असं मी म्हणेन. पण सभा थंडीत झाली असेल आणि हाती पुरेसे महिने असतील, तर दुसरा रस्ता मोकळा होता. निर्णायक मत द्यायचंच नाही, हा ठराव पडू द्यायचा आणि लगेच स्वस्त कोटेशनचा ठराव मतदानाला घ्यायचा. कदाचित तोही चार-चार झाला असता. मग दोन्ही ठेकेदारांना बोलावून हमीतला फरक कशाचा, किती थर, कुठलं रसायन, पाणी साठवून तपासणी किती तास, हे सगळ्यांसमोर विचारता आलं असतं. बरोबरी पुष्कळदा माहिती कमी पडल्याने होते. सव्वा लाख जास्त देऊन पाच वर्षं जास्त हमी मिळते, हे महाग की स्वस्त हे तुमच्या कमिटीतल्या किती जणांना खरंच कळलं होतं, हे तुम्हीच आठवून बघा.

तरीही, त्यांनी जे केलं ते केलं. निर्णायक मत एकदा सभेत दिलं की ते परत घेता येत नाही, आणि सभेत दिलं नाही तर नंतर देता येत नाही. हे दुसरं मुद्दाम सांगते, कारण "मी विचार करून उद्या ग्रुपवर कळवतो" म्हणणारे चेअरमन मला भेटले आहेत. सभा संपली की सभाध्यक्षपण संपतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आलेलं मत हे मत नव्हेच. ठराव आदल्या संध्याकाळीच पडलेला असतो. तुमच्या चेअरमननी तिथल्या तिथे मत जाहीर केलं, हे त्यांनी बरोबर केलं.

आता मिनिट्स. तुमच्या मनात असं आहे की मिनिट्स म्हणजे सभेत जे भांडण झालं त्याच्यावर घातलेली चादर. मिनिट्समध्ये भांडण लिहायचं नसतं, हे मान्य. कोण कुणाला काय बोललं, कुणी टेबलावर हात आपटला, यातलं काही येऊ नये. पण मतदान हे भांडण नाही, तो निर्णय होण्याची रीत आहे. निकालाला आधार काय, हे त्या नोंदीतूनच कळायला हवं. तुमच्या सभेची नोंद मी अशी लिहिली असती:

> विषय क्र. 3: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेकेदाराची निवड
>
> वार्षिक सर्वसाधारण सभेने दिलेल्या मंजुरीनुसार प्राप्त झालेली दोन दरपत्रके सभेपुढे ठेवण्यात आली. सदस्य श्री. ——— यांनी पहिल्या ठेकेदाराशी आपले नाते असल्याचे सांगितले व मतदानात भाग घेतला नाही.
>
> ठराव: सदर काम पहिल्या ठेकेदारास रु. 7,40,000 या दराने, दहा वर्षांच्या हमीसह देण्यात यावे. सूचक: ———. अनुमोदक: ———.
>
> हात वर करून मतदान घेण्यात आले. बाजूने 4: ———, ———, ———, ——— (सभाध्यक्ष). विरोधात 4: ———, ———, ———, ———. मतदानात भाग न घेतलेले 1.
>
> समान मते पडल्याचे सभाध्यक्षांनी जाहीर केले. उपविधी क्र. ——— नुसार त्यांनी आपले निर्णायक मत ठरावाच्या बाजूने दिले. ठराव सभाध्यक्षांच्या निर्णायक मताने मंजूर झाला.
>
> विरोधात मत दिलेल्या चार सदस्यांनी आपले भिन्नमत नोंदवण्यास सांगितले. त्याप्रमाणे नोंद घेण्यात आली.

यातल्या काही जागा नीट बघा. पहिली, "बाजूने 5, विरोधात 4" असं कुठेही नाही. बरेच सेक्रेटरी निर्णायक मत चारात मिळवून पाच लिहितात. तसं लिहिलं की वाचणाऱ्याला नऊ जणांनी मतदान केलं असं वाटतं, आणि मग मत न दिलेल्या नवव्या माणसाचा हिशेब लागत नाही. कुणी बेरीज करून बघितली तर संशय तुमच्यावर येतो. आधी बरोबरी, मग ती जाहीर होणं, मग निर्णायक मत, मग निकाल, हा क्रम मोडू नका. चेअरमनसाहेबांचं "बहुमताने" इथेच चुकतं. बहुमत झालंच नव्हतं, म्हणून तर निर्णायक मत लागलं.

दुसरी, सभाध्यक्षांनी पहिल्या फेरीत मत दिलं होतं हे नावासकट आलं आहे. हे का लागतं ते सांगते. समजा दुसऱ्या एखाद्या सभेत ते पहिल्यांदा गप्प बसले आणि बाकीच्या आठ जणांची चार-चार झाली. मग त्यांनी हात वर केला, तर ते त्यांचं साधं मत की निर्णायक? साधं असेल तर पाच विरुद्ध चार होऊन खरंच बहुमत झालं, बरोबरी राहिलीच नाही. निर्णायक असेल तर बरोबरी झाली असं आधी जाहीर व्हायला हवं होतं. निकाल दोन्हीकडे तोच येतो, पण नोंद वेगळी होते. अशा वेळी सेक्रेटरीने त्याच क्षणी विचारायचं, "साहेब, हे तुमचं सदस्य म्हणून मत की निर्णायक?" आणि उत्तर जसंच्या तसं टिपायचं. नंतर आठवून लिहिता येत नाही.

तिसरी जागा व्याह्यांची. त्यांनी मतदान केलं नाही, हे योग्यच झालं. पण चर्चेत ते बोलले का, हे तुम्ही पत्रात सांगितलेलं नाही. ते खोलीबाहेर गेले असतील तर "चर्चेत व मतदानात भाग घेतला नाही" असं लिहा. बसून राहिले आणि बोललेही असतील तर "चर्चेत" हा शब्द घालू नका. मिनिट्समध्ये त्यांना जास्त स्वच्छ दाखवायचा मोह टाळा, कारण चौघांपैकी कुणीतरी ते वाक्य निबंधकांकडे अर्ज करताना पहिलं उचलेल.

आणि नावं. पुष्कळ जण म्हणतात आकडे पुरेत, नावं कशाला, वैर वाढतं. कमिटीच्या सभेत नावं लिहाच. सहकार कायद्याने कमिटीचे सदस्य कमिटीच्या निर्णयांना एकत्रित आणि एकेकटे जबाबदार धरले जातात. एखाद्या निर्णयाने सोसायटीचं नुकसान झालं आणि जबाबदारी निश्चित करायची वेळ आली, तर सगळ्यांकडे बोट जातं. त्यातून सुटण्याचा मार्गही कायद्यानेच ठेवला आहे: ज्याला निर्णय मान्य नाही त्याचं भिन्नमत इतिवृत्तात नोंदलेलं असेल, तर त्या निर्णयाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणजे ती नोंद चौघांसाठी ढाल आहे. "चर्चेअंती संमत" लिहून तुम्ही ती ढाल त्यांच्या हातून काढून घेत होता, आणि "स्थगित" लिहायला लावून ते स्वतःच ती फेकून देत होते. स्थगित झालेल्या ठरावाला विरोध कसला नोंदवणार? हे त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा. माझा अनुभव असा की इथे सूर बदलतो.

अनुभव म्हणते आहे तो खराच आहे. एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काही वर्षं चिटणीस होते. संध्याकाळची वेळ दोन तासांनी कमी करायची का, यावर आमची पाच-पाच झाली. अध्यक्षांनी निर्णायक मत दिलं आणि वेळ कमी झाली. मी तुमच्यासारखंच, सगळ्यांचं मन राखायला, "साधकबाधक चर्चेनंतर वेळ कमी करण्याचे ठरले" असं लिहिलं. तीन वर्षांनी नव्या कार्यकारिणीला सभासदांच्या तक्रारींवरून तो निर्णय फिरवायचा होता. त्यांनी रजिस्टर काढलं. निळ्या शाईतलं माझं ते एक वाक्य आणि खाली एकच सही. मला बोलावून विचारलं, "हे एकमताने झालं होतं का? मग आता कशाला बदलायचं?" मी म्हटलं, नाही, पाचजण विरोधात होते. "कोण?" दोन नावं मला आठवली. उरलेली तीन नाही आठवली. त्यातले एक गृहस्थ तोवर वारले होते. ते त्या संध्याकाळी कामगारांच्या मुलांसाठी पोटतिडकीने बोलले होते, एवढं आठवत होतं. त्यांचा विरोध कुठेच लिहिलेला नव्हता. तो मीच लिहिला नव्हता.

पुढच्या वेळी बरोबरी झाली तर एक गोष्ट आधी करा: पुन्हा मोजा. 22 जुलै 1993 ला ब्रिटिश संसदेत मास्ट्रिख्ट करारावरच्या एका दुरुस्तीवर 317 विरुद्ध 317 अशी बरोबरी जाहीर झाली आणि सभापती बूथ्रॉइड यांना निर्णायक मत द्यावं लागलं. नंतर कळलं की मोजणीत एका मताची चूक होती आणि मुळात बरोबरी झालीच नव्हती. सहाशेच्या वर मतं मोजताना तिथे चूक होते, तर आपल्याकडे चहाचे कप फिरत असताना वर झालेले हात मोजताना सहज होईल. बाजूचे हात वर असतानाच नावं मोठ्याने वाचा, लिहा, हात खाली करायला सांगा. मग विरोधातले, मग तटस्थ. तिन्हींची बेरीज हजेरीपटावरच्या सह्यांशी जुळली पाहिजे. जुळली की मग सभाध्यक्षांना म्हणा, "समान मतं आहेत, आपण जाहीर करा."

सहीच्या धमकीचं काय करायचं? फारसं काही नाही. सदस्यांची सही हजेरीसाठी असते, ती त्यांनी सभेला आल्यावर केलेली आहे. इतिवृत्तावर सभाध्यक्षांची आणि तुमची सही लागते. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तेव्हा फक्त एवढंच विचारायचं असतं की जे झालं ते बरोबर लिहिलं आहे का. निर्णय बरोबर होता का, हा प्रश्न तिथे नसतो. कुणी म्हणालं "मी विरोधात नव्हतो, तटस्थ होतो", आणि इतरांनाही तसंच आठवत असेल, तर दुरुस्ती करा: चुकीच्या शब्दांवर एक रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला सभाध्यक्षांची लहान सही आणि तारीख. व्हाइटनर नको, पान फाडणं तर नकोच. पण कुणी म्हणालं "आता माझं मत बदललंय", तर ते इतिवृत्तात येत नाही. त्याने नवा ठराव आणावा.

ज्या वाचकांच्या सोसायट्या नाहीत, मंडळं आणि संस्था आहेत, त्यांना एक सांगायला हवं. वर जे निर्णायक मत सांगितलं ते सहकारी संस्थेला कायद्याने आणि उपविधींनी दिलेलं आहे. नोंदणी केलेल्या मंडळाच्या किंवा न्यासाच्या अध्यक्षाला ते केवळ अध्यक्ष आहे म्हणून मिळत नाही. तुमच्या घटनेत तसं कलम असेल तरच. नसेल, तर समान मतं म्हणजे ठराव नामंजूर, आणि मिनिट्समध्ये लिहायचं: "बाजूने 6, विरोधात 6. बहुमत न मिळाल्याने ठराव नामंजूर." एवढंच. आणि निवडणुकीतली बरोबरी ही वेगळीच गोष्ट. उमेदवारांना सारखी मतं पडली तर सहसा चिठ्ठ्या टाकतात. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 चा निकाल असाच चिठ्ठीने लागला होता. तिथे कुणी अध्यक्ष आपलं मत घालत नाही.

तुमच्याकडे परत येते. आज-उद्या मसुदा वरच्याप्रमाणे लिहा, त्यात कलमाचा क्रमांक भरा आणि नऊही जणांना एकाच वेळी पाठवा. आधी चेअरमनना एकट्याला दाखवून मग इतरांना असं करू नका. सोबत दोन ओळी लिहा: "मतांचे आकडे आणि नावं माझ्या त्या दिवशीच्या टिपणाप्रमाणे आहेत. काही चूक असल्यास रविवारपर्यंत कळवावे." आणि त्या दिवशी वहीत पेन्सिलीने केलेलं टिपण, ज्यावर चार-चार लिहिलंय, ते फेकू नका. मसुद्याच्या मागे पिनअप करून फाइलला लावा.